केस पेपरवरची एक ओळ आणि नाकारलेला क्लेम

आरोग्य विम्याचे अनेक क्लेम ज्या एका ओळीवर अडतात, ती ओळ विमा कंपनीने लिहिलेली नसते आणि रुग्णानेही लिहिलेली नसते. रुग्णाला कॅज्युअल्टीत आणलेले असते. निवासी डॉक्टर भराभर माहिती घेत असतो. सोबत आलेल्या नातेवाइकाला तो विचारतो, "बीपी आहे का? किती वर्षं झाली?" घाबरलेला मुलगा किंवा सून अंदाजाने सांगून टाकते, "असेल पाच-सहा वर्षं." डॉक्टर केस पेपरवर लिहितो, 'के/सी/ओ एचटीएन, सहा वर्षे'. म्हणजे सहा वर्षांपासून उच्च रक्तदाबाचा रुग्ण. त्या रात्रीच्या उपचाराच्या दृष्टीने पाच काय आणि सहा काय, फरक पडत नाही. पण महिन्याभराने तोच कागद विमा कंपनीच्या क्लेम विभागात पोहोचतो, तिथे कोणीतरी त्या सहा वर्षांची पॉलिसीच्या तारखेशी वजाबाकी करतो आणि घरी पत्र येते: पॉलिसी घेताना आजार लपवला, म्हणून क्लेम नामंजूर.

या पत्राला उत्तर म्हणून जो ई-मेल जातो, त्याच्याबद्दल हा लेख आहे. बहुतेक घरांतून जाणारा पहिला ई-मेल रागाचा किंवा विनवणीचा असतो. आम्ही इतकी वर्षे हप्ते भरले, कधी एक रुपयाचा क्लेम घेतला नाही, आजारपणात आमची अशी अडवणूक केली, कृपया सहानुभूतीने विचार करावा. यातला शब्द न् शब्द खरा असतो, पण क्लेम मंजूर करायला कंपनीतल्या माणसाला जे लागते ते त्यात काहीच नसते. शिवाय हा ई-मेल फक्त कंपनी वाचणार नाही. कंपनीने ऐकले नाही तर तोच उद्या विमा लोकपालासमोर जाणार आहे. म्हणून तो लिहिताना डोळ्यांसमोर असा वाचक ठेवावा, ज्याला तुमच्या घरचे काहीही ठाऊक नाही आणि ज्याला एवढ्या एका कागदावरून प्रकरण समजले पाहिजे.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. माणसे आणि आकडे मी समजण्यासाठी रचले आहेत, पण अशी प्रकरणे घडतात ती याच चालीने. साताऱ्यातले एक निवृत्त शिक्षक. त्यांनी १४ जून २०२० रोजी तीन लाखांची आरोग्य विमा पॉलिसी घेतली आणि दरवर्षी मुदतीत नूतनीकरण केले. १४ जून २०२२ रोजी विम्याची रक्कम वाढवून पाच लाख केली. १० नोव्हेंबर २०२५ रोजी छातीत दुखू लागल्याने ते रुग्णालयात दाखल झाले, अँजिओप्लास्टी झाली, १३ नोव्हेंबरला घरी आले. कॅशलेस नाकारल्यामुळे बिल खिशातून भरले. २४ नोव्हेंबरला सगळी कागदपत्रे पाठवली आणि १५ डिसेंबरला नकाराचे पत्र आले. कारण वर सांगितले तेच, केस पेपरवरची सहा वर्षे. नोव्हेंबर २०२५ मधून सहा वर्षे वजा केली की नोव्हेंबर २०१९ येतो, म्हणजे पॉलिसीच्या आधीचे सात महिने.

सरांची मुलगी पुण्यात नोकरी करते. ई-मेल तिने लिहायचा ठरले, पण पाठवायचा तो सरांच्या, पॉलिसीवर नोंदवलेल्या ई-मेल पत्त्यावरून. दुसऱ्याच पत्त्यावरून आलेल्या मजकुरावर 'पॉलिसीधारकाचे संमतिपत्र जोडा' एवढेच उत्तर येते आणि त्यात आठवडा जातो.

लिहायला बसण्याआधी नकाराचे पत्र दोनदा वाचायचे. त्यात कंपनीने नेमके कोणते कारण दिले आहे आणि पॉलिसीतले कोणते कलम दाखवले आहे, एवढेच शोधायचे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. आरोग्य विम्याचा क्लेम कंपनीच्या क्लेम आढावा समितीच्या किंवा तिच्यावरच्या समितीच्या मान्यतेशिवाय नाकारता येत नाही. आणि नाकारला तर पॉलिसीतल्या नेमक्या अटींचा हवाला देऊन कारण कळवावे लागते. नुसते 'अटी व शर्तींनुसार देय नाही' असे पत्र आले असेल, तर ई-मेलमधला पहिला आक्षेप तोच.

कारण नेमके पकडायचे ते आणखी एका गोष्टीसाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात सांगितले की नकाराच्या पत्रात जे कारण नव्हते, ते विमा कंपनीला नंतर खटल्यात पुढे करता येत नाही. म्हणजे लढाईची जागा कंपनीने त्या पत्रात स्वतःच आखून दिलेली असते. आपण उत्तर द्यायचे ते तेवढ्याच जागेत. पत्रात फक्त रक्तदाब लपवल्याचा आरोप असताना आपण होऊन मधुमेह नव्हता, सिगारेट कधी ओढली नाही, असे खुलासे करत बसलो तर कंपनीला नवे धागे आपणच पुरवतो.

आता मुख्य मुद्दा. तो बऱ्याच पॉलिसीधारकांना माहीत नसतो, आणि माहीत असला तरी ई-मेलच्या शेवटी कुठेतरी येतो. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयआरडीएआयच्या नियमांनुसार आरोग्य विमा सलग ६० महिने चालू राहिला असेल, तर त्यानंतर माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला पॉलिसीवर किंवा क्लेमवर हरकत घेता येत नाही. अपवाद एकच, सिद्ध झालेली फसवणूक. पूर्वी ही मुदत आठ वर्षे होती, ती पाचवर आली. पॉलिसीच्या पुस्तिकेत हे कलम 'मोरेटोरियम पीरियड' या नावाने असते आणि त्याला क्रमांक असतो. तो क्रमांक ई-मेलमध्ये लिहायचा.

सरांच्या बाबतीत १४ जून २०२० पासून ६० महिने १३ जून २०२५ रोजी पूर्ण झाले. ते रुग्णालयात दाखल झाले त्याला तोवर आणखी जवळजवळ पाच महिने होऊन गेले होते. म्हणजे केस पेपरवर सहा वर्षे लिहिली होती की पाच, हा वादच मुळात उरत नाही.

पण या कलमाला एक पोटकलम आहे आणि कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. ६० महिने मोजायचे ते पहिल्या पॉलिसीच्या रकमेसाठी. मध्ये रक्कम वाढवली असेल, तर वाढीव भागासाठी मोजणी वाढवल्याच्या तारखेपासून नव्याने सुरू होते. सरांची वाढ जून २०२२ मधली, म्हणजे वरच्या दोन लाखांचे ६० महिने अजून झालेले नाहीत. त्यांचे नशीब असे की मागणीची रक्कम तीन लाखांच्या आत बसते. ई-मेलमध्ये हे आपणहून लिहिलेले बरे, कारण कंपनीचे पुढचे उत्तर हेच असणार आणि त्यात आणखी एक फेरी वाया जाणार. मागणी तीन लाखांच्या वर असती, तर वरच्या भागासाठी आजाराच्या खऱ्या तारखेवरच भांडावे लागले असते.

'सलग' या शब्दाचाही पुरावा लागतो. सगळ्या वर्षांची पॉलिसी शेड्यूल, म्हणजे ज्या पहिल्या पानावर कालावधी आणि रक्कम असते ती पाने, एका फाइलमध्ये जोडायची. मध्ये कंपनी बदलून पोर्ट केले असेल तर जुन्या कंपनीची वर्षेही मोजली जातात, पण नव्या कंपनीच्या संगणकावर ती नेहमी दिसतातच असे नाही. हप्ता उशिरा भरला असेल तर तो सवलतीच्या मुदतीत भरला होता हे पावतीवरून दाखवायचे.

मग दुसरा मुद्दा, आजाराच्या तारखेचा. पहिला मुद्दा भक्कम असला तरी हा सोडायचा नाही, कारण कंपनी फसवणुकीचा आरोप करून पहिल्या मुद्द्याला बगल देऊ पाहील, आणि फसवणूक नव्हतीच हे दाखवायला खरी तारीखच कामी येते. सरांच्या फॅमिली डॉक्टरांकडे पहिल्यांदा रक्तदाब जास्त आढळला तो मार्च २०२१ मध्ये. त्या दिवसाची चिठ्ठी आहे, पुढच्या आठवड्यातला ईसीजी आहे, औषध दुकानाची बिले आहेत. २०१९ मधला निवृत्तीपूर्वीचा तपासणी अहवाल आहे आणि त्यावर रक्तदाब १२६/८२ अशी नोंद आहे. एकोणीस सालचा हा एक कागद दहा परिच्छेदांपेक्षा मोलाचा. आजार नव्हता हे सिद्ध करणे अवघड असते. पॉलिसीच्या थोडे आधीचा असा स्वच्छ अहवाल सापडला तर ते अचानक सोपे होते. म्हणून नोकरीतल्या, रक्तदान शिबिरातल्या, चष्म्याच्या किंवा दाताच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांचे कागद शोधायचे.

त्याच्या जोडीला उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे स्पष्टीकरण घ्यायचे. रुग्णालयाच्या लेटरहेडवर, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह दोन-तीन वाक्ये पुरतात: दाखल करतेवेळची कालावधीची नोंद नातेवाइकांनी तोंडी दिलेल्या अंदाजावर आधारित होती, त्या वेळी जुने कागद पाहिलेले नव्हते, आता दाखवलेल्या कागदांनुसार पहिले निदान मार्च २०२१ चे दिसते. मूळ केस पेपरवर खाडाखोड करून घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळायचा. कंपनीने त्या पानाची प्रत आधीच घेतलेली असते आणि दोन प्रती वेगळ्या निघाल्या की निष्पाप माणसावर बनावटगिरीचा शिक्का बसतो. कंपनीचा तपासनीस घरी येतो तेव्हाही हेच लक्षात ठेवावे. तो सभ्यपणे बोलतो, चहा घेतो आणि जाताना एका जबाबावर सही मागतो. त्यात 'मला सुमारे सहा वर्षांपासून रक्तदाब आहे' असे वाक्य असेल तर वाचल्याशिवाय आणि दुरुस्त केल्याशिवाय सही करू नये, आणि त्या जबाबाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

तिसरा कागद प्रस्ताव अर्जाचा, ज्याला सगळे प्रपोजल फॉर्म म्हणतात. लपवले म्हणायचे तर आधी विचारलेले असले पाहिजे. अर्जात प्रश्न काय होता, उत्तर कोणी भरले, सही कुठे आहे, हे पाहिल्याशिवाय लपवण्याचा आरोप तपासताच येत नाही. पॉलिसीसोबत अर्जाची प्रत द्यायची असते, पण अनेकांकडे ती नसते. एजंटने मोबाइलवर भराभर 'नाही, नाही' अशा खुणा केलेल्या असतात. प्रत नसेल तर ई-मेलमध्येच मागायची.

मुलीने पाठवलेला ई-मेल असा. प्रत्यक्षात असे ई-मेल बहुतेक जण इंग्रजीत लिहितात. इथे मराठीत देतो आहे, म्हणजे त्याची बांधणी दिसेल. क्रमांकांच्या जागा रिकाम्या सोडल्या आहेत.

विषय: तक्रार – क्लेम क्र. ____, पॉलिसी क्र. ____ – दि. १५ डिसेंबर २०२५ च्या नकाराचा फेरविचार

प्रति, तक्रार निवारण अधिकारी.

महोदय, वरील क्लेम आपण १५ डिसेंबर २०२५ च्या पत्राने, कलम क्र. ____ अन्वये, उच्च रक्तदाबाची माहिती दिली नाही या एकाच कारणाने नाकारला आहे. हा निर्णय मला मान्य नाही. हे पत्र माझी लेखी तक्रार समजावे.

पॉलिसी १४ जून २०२० पासून खंड न पडता चालू आहे. विमा रक्कम सुरुवातीला ३,००,००० रुपये होती. १४ जून २०२२ पासून ती ५,००,००० रुपये आहे. सर्व वर्षांची शेड्यूल जोडली आहेत (जोडपत्र १). मी १० ते १३ नोव्हेंबर २०२५ या काळात रुग्णालयात दाखल होतो. कॅशलेसची विनंती ११ नोव्हेंबरला नाकारली गेली. सर्व कागदपत्रे २४ नोव्हेंबरला आपल्याला मिळाली. पोच जोडली आहे (जोडपत्र २).

माझे म्हणणे असे. पहिले, पॉलिसीचे सलग ६० महिने १३ जून २०२५ रोजी पूर्ण झाले. पॉलिसीच्या मोरेटोरियमच्या कलम क्र. ____ नुसार त्यानंतर माहिती न दिल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. माझी मागणी मूळ ३,००,००० रुपयांच्या मर्यादेत आहे, त्यामुळे वाढीव रकमेचा प्रश्न येत नाही. आपल्या पत्रात फसवणुकीचा आरोप नाही.

दुसरे, माझ्या रक्तदाबाचे पहिले निदान मार्च २०२१ मध्ये, म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यानंतर झाले. त्या वेळची चिठ्ठी, २०१९ चा तपासणी अहवाल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे स्पष्टीकरण जोडले आहे (जोडपत्र ३ ते ५). केस पेपरवरील 'सहा वर्षे' ही नोंद नातेवाइकाने तोंडी सांगितलेल्या अंदाजाची आहे.

माझी मागणी अशी. रुग्णालयाचे बिल २,८६,४०० रुपये, त्यातून देय नसलेल्या वस्तूंचे ११,९०० रुपये वजा जाता २,७४,५०० रुपये. दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्या व औषधे ९,३०० रुपये. एकूण २,८३,८०० रुपये मंजूर करावेत. विलंबाबद्दल नियमाप्रमाणे व्याज द्यावे. पॉलिसी रद्द करण्याची कोणतीही कारवाई सुरू असल्यास ती मागे घ्यावी आणि सलगतेचे सर्व लाभ कायम असल्याचे लेखी कळवावे.

नकार कायम ठेवायचा असल्यास क्लेम आढावा समितीच्या निर्णयाची, तपासनिसाच्या अहवालाची व माझ्या प्रस्ताव अर्जाची प्रत द्यावी. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मी विमा लोकपालाकडे तक्रार करीन.

आपला, ____ (पॉलिसीधारक), मोबाइल ____.

एवढाच मजकूर. छापला तर दीड पानाच्या आत बसतो. यात कुठेही विशेषण नाही, आणि ते मुद्दाम. 'अन्यायकारक', 'धक्कादायक', 'माणुसकीशून्य' हे शब्द आले की वाचणाऱ्याचे लक्ष तारखांवरून उडते.

त्यातल्या मागणीच्या परिच्छेदाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तिथे माणसे फार ढिली असतात. 'माझा क्लेम मंजूर करावा' ही मागणी पुरेशी नाही. किती रुपयांचा? रुग्णालयाच्या बिलात हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क अशा ज्या गोष्टी बऱ्याच पॉलिसी देत नाहीत, त्या आपणच वजा करून आकडा सांगितला की दोन फायदे होतात. एक तर वाचणाऱ्याला कळते की समोरच्याने पॉलिसी वाचली आहे. दुसरे म्हणजे कंपनीने पुढे कमी रक्कम मंजूर केली, तर ती नेमकी कुठे कापली हे आपल्या आकड्याशी ताडून पाहता येते. व्याजाची मागणीही मनाने नको. आयआरडीएआयच्या नियमांत विलंबासाठी बँक रेटपेक्षा दोन टक्के जास्त दराने व्याजाची तरतूद आहे, तेवढेच मागायचे. मानसिक त्रासाचे पाच लाख या ई-मेलमध्ये घालू नयेत. ती मागणी ग्राहक आयोगापुढे करण्याची असते आणि इथे ती घातली की बाकीच्या नेमक्या आकड्यांचे वजन कमी होते.

पॉलिसी रद्द न करण्याची मागणी तर माझ्या मते पैशांइतकीच महत्त्वाची आहे. माहिती लपवल्याच्या आरोपावर काही वेळा कंपनी क्लेम नाकारून थांबत नाही, पॉलिसीही रद्द करण्याची नोटीस पाठवते. साठी ओलांडलेल्या, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला त्यानंतर नवी पॉलिसी मिळणे किती कठीण, हे कोणत्याही एजंटला विचारा. मिळालीच तर पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जाणार. म्हणून वाद चालू असला तरी नूतनीकरणाचा हप्ता वेळेवर भरायचा. 'आधी क्लेम द्या, मग हप्ता भरू' असा हट्ट धरलेल्यांची सलगता तुटते आणि ६० महिन्यांचा जो आधार पुढेही लागणार, तोच हातचा जातो.

ई-मेल कुठे पाठवायचा, यातही चूक होते. क्लेमची कागदपत्रे अनेकदा टीपीएमार्फत जातात, म्हणजे कंपनी आणि रुग्णालय यांच्यामधल्या एजन्सीमार्फत. नकाराचा ई-मेलही कधी कधी टीपीएकडूनच येतो आणि लोक त्यालाच 'रिप्लाय' करत राहतात. क्लेम नाकारण्याचा निर्णय कंपनीचा असतो. तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेच गेली पाहिजे. त्याचा पत्ता पॉलिसीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर आणि कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. ग्राहक सेवेच्या सर्वसाधारण पत्त्यावर पाठवलेला मजकूर 'चौकशी' म्हणून नोंदला जाण्याची शक्यता असते, आणि मग पुढे कंपनी म्हणते, आमच्याकडे तक्रार आलीच नव्हती. विषयाच्या ओळीत 'तक्रार' हा शब्द पहिला आहे तो एवढ्यासाठीच. हीच तक्रार bimabharosa.irdai.gov.in या आयआरडीएआयच्या पोर्टलवरही नोंदवावी. तिथे क्रमांक मिळतो आणि तक्रार कंपनीकडेच जाते, पण नियामकाला ती दिसत राहते. तिथला निर्णयही कंपनीच देते, आयआरडीएआय क्लेमचा निवाडा करत नाही, हे ओळखून असावे.

उत्तर दोन आठवड्यांत अपेक्षित असते. एक महिना होऊनही उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाचे दार उघडते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालये आहेत, गोव्याचे काम मुंबईकडे असते, आणि तक्रार cioins.co.in या संकेतस्थळावरूनही करता येते. आपला पत्ता कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येतो ते तिथेच पाहावे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे घेतली जातात. निवाडा पॉलिसीधारकाच्या बाजूने लागला तर कंपनीने तो ३० दिवसांत पाळायचा असतो. न पाळल्यास तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये दंड देण्याची तरतूद २०२४ च्या परिपत्रकात आहे. मात्र लोकपालाकडे जाण्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. वरचा ई-मेल हा तो पुरावा. ग्राहक आयोगात आधीच प्रकरण दाखल केले असेल तर लोकपाल तेच प्रकरण घेत नाहीत, म्हणून क्रम ठरवून जावे. लोकपालासाठी कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्ष, ग्राहक आयोगासाठी वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे, अशा मुदती आहेत. कंपनीशी ई-मेलांची देवघेव करण्यात ही मुदत निघून जाऊ देऊ नये. स्मरणपत्रे पाठवत बसल्याने ती थांबत नाही.

एक अवघड प्रश्न राहतो. रक्तदाब खरोखरच आधीपासून होता, माहीतही होता आणि अर्जात लिहिला नव्हता, तर? साठ महिने झाले असतील तर पहिला मुद्दा तरीही उभा राहतो, आणि दुसरा मुद्दा लिहूच नये. साठ महिने झाले नसतील तर बाजू कमजोर आहे हे मान्य करूनच लिहावे लागते: अर्जात प्रश्न नेमका काय होता, तो विचारला गेला होता का, ज्या आजारासाठी क्लेम आहे त्याचा लपवलेल्या आजाराशी काही संबंध आहे का. घसरून पडल्याने मोडलेल्या हाडाचा क्लेम रक्तदाब लपवल्याच्या कारणावर नाकारला असेल तर हा शेवटचा प्रश्न जोरात विचारण्यासारखा आहे. अँजिओप्लास्टीच्या क्लेमला तो फारसा तारणार नाही. पण ओळखीच्या डॉक्टरांकडून मागच्या तारखेचा दाखला आणून जोडणे, हा जो सल्ला नातेवाइकांत फिरत असतो, तो कधीही मानू नये. साठ महिन्यांचे संरक्षण फसवणूक सिद्ध झाली की गळून पडते, आणि खोटा दाखला जोडणे म्हणजे कंपनीच्या हाती तो पुरावा स्वतः नेऊन देणे. वर्षानुवर्षे हप्ते भरून मिळवलेला हक्क एका कागदापायी घालवू नये.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी सध्या कुणी आजारी नाही, त्यांना एक विनंती. आपल्या पॉलिसीच्या प्रस्ताव अर्जाची प्रत आजच कंपनीकडून मागवून घ्या आणि त्यातली उत्तरे वाचा. एखादा आजार लिहायचा राहिला असेल तर तो क्लेमच्या आधी, आपणहून, लेखी कळवा. कंपनी कदाचित हप्ता वाढवील किंवा त्या आजारासाठी प्रतीक्षा काळ लावील. पण कुठल्याशा रात्री घाईत केस पेपरवर लिहिलेल्या एका आकड्यावरून पुढे तुमचा क्लेम अडवणे तिला कठीण जाईल.